‘ई’ प्रत्यय कोणत्या नामाला लागला?

प्रश्न : सातारी, हमाली, आळशी आणि डबी या चारही शब्दांना ‘ई’ हाच तद्धित प्रत्यय लागला आहे असे मुलांना सांगतो. मग अर्थ चार तऱ्हेचे कसे होतात? आणि गावकर, गावकरी, गावकी यांत प्रत्ययाने नेमके काय बदलते? मी सांगलीत आठवी-नववीला मराठी शिकवते. मुले प्रत्ययांचा तक्ता पाठ करतात आणि तरी चुकतात.

उत्तर :

मुले चुकतात, कारण तक्त्यात प्रत्ययापुढे अर्थ लिहिलेला असतो. ‘ई’ प्रत्यय स्वतः फार थोडे सांगतो. मागच्या नामाशी या नव्या शब्दाचे काही नाते आहे, इतकेच. ते नाते कोणते हे नामावरून ठरते. हमाल हा धंद्याने ओळखला जाणारा माणूस, सातारा हे ठिकाण, आळस हा मनाचा गुण आणि डबा ही वस्तू. चार जातींची नामे आहेत म्हणून चार अर्थ झाले. तक्ता ठेवायचाच असेल तर पहिल्या रकान्यात नामाची जात लिहा, दुसऱ्यात प्रत्यय आणि तिसऱ्यात अर्थ. एवढ्या फेरबदलाने निम्म्या चुका कमी होतात.

पण त्याआधी शब्द बरोबर ठिकाणी कापला पाहिजे. शेवटी ‘ई’ दिसली की मुले लगेच ती सोडवतात. गल्ली, पाणी, दही यांतली ‘ई’ काढली तर मागे वापरातला शब्द उरत नाही, म्हणून ते शब्द कापायचेच नाहीत. तुमच्या गावाचे नावही तसेच, ‘सांगल’ असे काही उरत नाही. दुसरे असे की मागे उरलेला शब्द नाम आहे की धातू, हे पाहायचे. ‘उडी’तून ‘उड’ उरतो आणि तो ‘उडणे’चा धातू आहे, म्हणून उडी हे धातुसाधित, म्हणजे कृदंत. बोली, तोडणी, मळणी हेही त्याच बाजूचे. ‘हमाली’तून हमाल उरतो, तो नाम आहे, म्हणून हमाली तद्धित. तिसरी फसगत विभक्तीची. ‘मी घरी आहे’, ‘तो गावी गेला’ यांतली ‘ई’ सप्तमीची आहे. तिने नवा शब्द तयार केलेला नाही, ‘घरात’, ‘गावाला’ एवढेच सांगितले आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. घरी या शब्दाला पुढे विभक्ती लावून पाहा. ‘घरीला’, ‘घरीने’ असे होत नाही. हमालीला मात्र ‘हमालीने पाठ मोडली’, ‘हमालीत परवडत नाही’ अशी सगळी रूपे चालतात, कारण तो पुरता नवा शब्द आहे.

आपल्या भागात रोज ऐकू येणारा एक शब्द या सीमेवर बसतो : ‘एकरी’. ‘एकरी इतके टन ऊस निघाला’ म्हणजे दर एकराला. हेक्टरी, माणशी हेही तसेच. मापाच्या किंवा मोजदादीच्या नामाला ‘ई’ लागली की ‘त्या प्रत्येकामागे’ असा अर्थ येतो, आणि तो शब्द अव्ययासारखा न बदलता राहतो. हा सप्तमीचाच विस्तार आहे असे म्हणणाऱ्याला खोडून काढणे अवघड आहे. वर्गात अर्थ जरूर समजवावा, परंतु ‘तद्धिताचे उदाहरण द्या’ या प्रश्नाला एकरी लिहायला लावू नये.

आता माणसाच्या धंद्यापासून सुरुवात करू. धंदा किंवा पद सांगणाऱ्या नामाला ‘ई’ लागली की त्या माणसाचे काम असा अर्थ येतो आणि शब्द स्त्रीलिंगी नाम होतो. हमाल पुल्लिंगी, हमाली स्त्रीलिंगी. वकील–वकिली, सावकार–सावकारी, दलाल–दलाली, नोकर–नोकरी, मजूर–मजुरी. इथपर्यंत मुलांना जमते. खरी मौज पुढे आहे. यांतले काही शब्द कामाबरोबर त्या कामाचे पैसेही सांगतात आणि काही सांगत नाहीत. मार्केट यार्डात शेतकऱ्याच्या हाती जी हिशेबाची पट्टी पडते, तिच्यात ‘हमाली’ असा एक आकडा वजा झालेला असतो. तिथे हमाली म्हणजे काम नव्हे, कामाचा मोबदला. हे ओळखायला दोन वाक्ये पुरतात. ‘तो अमुक करतो’ आणि ‘त्याला अमुक दिली’. हमाली करतो, हमाली दिली. दलाली करतो, दलाली दिली. मजुरी करतो, मजुरी दिली. या तिन्ही शब्दांना दोन्ही वाक्ये चालतात. ‘वकिली करतो’ चालते, पण वकिलाला पैसे दिले याला ‘वकिली दिली’ असे कोणी म्हणत नाही, फी दिली म्हणतो. ‘नोकरी दिली’ म्हणता येते, पण तिथे पगार दिला असा अर्थ नसून काम दिले असा आहे. म्हणजे जिथे प्रत्येक खेपेचा, प्रत्येक नगाचा, प्रत्येक दिवसाचा हिशेब तिथल्या तिथे चुकता होतो, त्या धंद्याच्या नावातच मोबदलाही सामावला गेला.

त्याच पट्टीत ‘तोलाई’ हाही आकडा असतो. मुले ‘तोल’ अधिक ‘आई’ असे कापतात आणि ते बरोबर आहे. पण हा तद्धित म्हणावा का? तोल हे नामही आहे आणि तोलणे हे क्रियापदही. शिवणे–शिलाई, धुणे–धुलाई, चरणे–चराई, खोदणे–खोदाई या रांगेत तो बसतो आणि या रांगेतले सगळे धातूपासून झालेले आहेत. म्हणून तोलाईला कृदंतांच्या बाजूला ठेवणे मला अधिक पटते. हमाली आणि तोलाई एका पट्टीत शेजारी असल्या तरी घडण वेगळी आहे, हे फळ्यावर मांडून दाखवण्यासारखे आहे.

पदाच्या बाबतीत ‘ई’ आणि ‘की’ यांनी वाटणी करून घेतली आहे. देशमुख–देशमुखी, सुभेदार–सुभेदारी, मामलेदार–मामलेदारी, पण पाटील–पाटीलकी. ‘पाटिली’ असा शब्द रूढ झाला नाही. देशमुखीचा अर्थ पदापासून पुढे कुठवर जातो याचे उदाहरण साताऱ्याच्या इतिहासातच आहे. शाहू महाराजांची गादी साताऱ्याला होती, आणि 1719 साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून ज्या सनदा आणल्या त्यांत स्वराज्याबरोबर दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी होती. सरदेशमुख हा माणूस. सरदेशमुखी म्हणजे त्याचे पद, त्या पदाचा हक्क आणि शेवटी त्या हक्कापोटी मिळणारा वसुलाचा दहावा हिस्सा. हमालीत काम आणि कामाचे पैसे एकाच शब्दात आले, तसेच इथे पद आणि पदाचे उत्पन्न एका शब्दात आले. अर्थाची वाट एकच आहे, फक्त एक बाजारातली आणि एक दरबारातली.

पाटीलकीतही पद, मान आणि वतन असे तिन्ही होते. पाटलांची वंशपरंपरागत सरकारी जागा 1962 च्या कायद्याने रद्द झाली. शब्द मात्र राहिला आणि आता ‘उगाच पाटीलकी करू नकोस’ म्हणताना त्यातला नुसता हुकूम गाजवणे एवढाच भाग उरला. कामापासून वृत्तीकडे असा हा सरकलेला अर्थ ‘की’ प्रत्ययात वारंवार दिसतो. माणुसकी हे काही काम नाही, माणसाला शोभणारे वागणे आहे. आपल्याकडे ‘पैलवानकी’ म्हणतात. ती तालमीत राहणे, मेहनत, खुराक, कुस्त्या या सगळ्यांसकट आयुष्याची एक रीत आहे. ‘पैलवानी’ म्हटले तर ते बहुधा विशेषण होते : पैलवानी शरीर, पैलवानी खुराक. एकाच नामाला ‘की’ लागली तर नाम झाले आणि ‘ई’ लागली तर विशेषण.

ठिकाणाच्या नावाला लागणारी ‘ई’ बहुधा विशेषण करते. सातारी पेढा, सातारी पेढे, सातारी मिसळ. शब्द बदलत नाही. ईकारान्त विशेषण लिंग-वचनाने हलत नाही आणि ईकारान्त नाम हलते : नोकरी–नोकऱ्या, डबी–डब्या. एखादा शब्द नाम की विशेषण असा घोळ झाला तर अनेकवचन करायला सांगा. ठिकाणाची ‘ई’ मुख्यतः तिथल्या वस्तूला, चालीरीतीला, बोलीला लागते. माणसासाठी ‘कर’ आहे. सातारी पेढा खाणारा सातारकर. ‘सातारकर पेढा’ म्हटले तर कोणा सातारकर आडनावाच्या माणसाने केलेला पेढा असे वाटेल. कोल्हापुरी चप्पल, कोल्हापूरकर माणूस. पुण्याला ‘ई’ ऐवजी ‘एरी’ लागतो, पुणेरी पगडी, पण माणूस पुणेकरच.

ठिकाण मोठे झाले की मात्र ही वाटणी मोडते. मुलूख, प्रांत, प्रदेश यांच्या नावाला माणसासाठीही ‘ई’च लागते. गुजराती, बंगाली, कोकणी, आणि आपल्याकडे माणदेशी. म्हसवडचा माणूस म्हसवडकर असेल, आटपाडीचा आटपाडीकर, पण दोघेही माणदेशी. ‘माणदेशकर’ कानाला खटकते. गाव आणि शहर यांना ‘कर’, मुलखाला ‘ई’ असे धरून चालावे. थोडे अपवाद निघतील, पण हात सहसा चुकणार नाही.

सांगलीला मात्र ‘ई’ लावून काहीच मिळत नाही. नाव आधीच ईकारान्त, त्यात प्रत्यय मिसळून जातो. म्हणून आपण ‘सांगलीची हळद’ म्हणतो किंवा नुसते ‘सांगली हळद’ असे दोन शब्द शेजारी ठेवतो. वाई, आटपाडी, शिराळा-वाळव्याच्या बाजूची ईकारान्त खेडी, सगळ्यांची हीच गत. तिथे ‘चा-ची-चे’ घेऊनच काम भागते. ‘कर’ व्यंजनाने सुरू होतो, त्यामुळे सांगलीकर, वाईकर सहज होते.

इथे एक चूक वारंवार होते. मुलांना सामान्यरूपाची सवय असते : मिरज–मिरजेला, सातारा–साताऱ्याला. त्याच सवयीने ती ‘मिरजेकर’, ‘साताऱ्याकर’ लिहितात. विभक्ती सामान्यरूपाला लागते, तद्धित प्रत्यय बहुधा मूळ रूपाला किंवा त्याचा शेवटचा स्वर काढून उरलेल्या भागाला लागतो. मिरज + कर = मिरजकर. सातारा यातला शेवटचा आ गळून सातार + कर, आणि सातार + ई. आकारान्त नावे कधी ‘ए’ही घेतात : आष्टा–आष्टेकर. सातारकर आणि आष्टेकर असे दोन मार्ग आहेत, आणि कोणत्या गावाने कोणता घेतला हे तिथल्या लोकांच्या तोंडून आणि आडनावांवरून कळते. नियमाने ठरवायला जाऊ नये. हाच ‘ए’ ‘वाला’ प्रत्ययापूर्वीही दिसतो : टांगा–टांगेवाला, फुगा–फुगेवाला.

शुद्धलेखनातली सर्वांत मोठी अडचण या ठिकाणी येते, म्हणून थोडे सविस्तर. ‘कोल्हापूर’मध्ये पू दीर्घ, ‘कोल्हापुरी’त पु ऱ्हस्व आणि ‘कोल्हापूरकर’मध्ये पुन्हा दीर्घ. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर मराठीत शेवटचे अक्षर अकारान्त असेल तेव्हा त्याच्या आधीची इ किंवा उ दीर्घ लिहितात : पूर, वकील, मजूर. ‘ई’ लागली की ‘र’ अकारान्त राहिला नाही, तो ‘री’ झाला, म्हणून पू ऱ्हस्व झाला. ‘कर’ लागताना ‘र’ जसाच्या तसा राहतो, म्हणून पू तसाच राहिला. मुलांना नियमाच्या शब्दांपेक्षा एक पडताळा द्या. नामाला ‘ला’ किंवा ‘त’ लावून रूप म्हणून पाहायचे. वकिलाला म्हणून वकिली, मजुराला म्हणून मजुरी, कोल्हापुरात म्हणून कोल्हापुरी, कारागिराला म्हणून कारागिरी. स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्ययांना हा पडताळा उपयोगी पडतो. पाटलीणही त्यातूनच सुटते : पाटलाला म्हणताना मधली ई जाते, तशी पाटलीणमध्येही गेली. ‘की’ प्रत्ययाला मात्र हा पडताळा लावू नका. पाटीलकी दीर्घ आणि माणुसकी ऱ्हस्व लिहिण्याचीच वहिवाट आहे. ती दोन रूपे लक्षात ठेवावी लागतात.

आता मनाच्या गुणांकडे वळू. लोभ–लोभी, हट्ट–हट्टी, गुण–गुणी, पाप–पापी, आळस–आळशी. इथे ‘ई’ म्हणजे ‘ते ज्याच्यापाशी आहे तो’. यात दोन गोष्टी समजावून द्याव्यात. पहिली उच्चाराची. आळस मध्ये स, आळशी मध्ये श, हौस–हौशी, उपास–उपाशी. पण प्रवास–प्रवासी, उपवास–उपवासी यांत स तसाच आहे. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आपले व्यंजन सोडत नाही आणि मराठीत मुरलेला शब्द ‘ई’पुढे स चा श करतो. उपास आणि उपवास ही जोडी यासाठी सर्वांत चांगली, कारण एकाच शब्दाची ती दोन रूपे आहेत आणि दोघांनी दोन वाटा धरल्या. अर्थही वेगळे झाले. उपवासी म्हणजे ज्याने व्रत म्हणून उपवास धरला आहे तो. उपाशी म्हणजे ज्याच्या पोटात काही नाही तो, मग त्याने व्रत धरलेले असो वा नसो. साबुदाण्याची खिचडी खाल्लेला माणूस उपवासी असतो, उपाशी नसतो.

दुसरी गोष्ट अशी की गुणाच्या नामाला ‘ई’च्या जोडीने ‘आळू’ही लागतो आणि दोघांचा अर्थ एक नाही. ‘कष्ट’ घ्या. कष्टी म्हणजे दुःखी, खिन्न झालेला. कष्टाळू म्हणजे मेहनतीला न कंटाळणारा. ‘तो मनाने फार कष्टी झाला’ आणि ‘तो फार कष्टाळू आहे’ या वाक्यांत शब्दांची अदलाबदल केली तर दोन्ही वाक्ये बिघडतात. ‘ई’ सांगते की कष्ट त्याच्यापाशी आहेत, ते त्याला झाले आहेत. ‘आळू’ सांगतो की त्या गोष्टीकडे त्याचा स्वभावाने कल आहे. दयाळू, श्रद्धाळू, झोपाळू, विसराळू, मायाळू, सगळ्यांत स्वभावच आहे. एक वेळ झोप आलेल्या माणसाला आपण झोपाळू म्हणत नाही; ज्याला नेहमी, कुठेही झोप येते तो झोपाळू. रागी या शब्दाची जागा ‘रागीट’ने घेतली आहे, आणि त्यातही घडीभराचा राग नसून स्वभाव आहे.

‘आळू’शी गल्लत होते ती ‘आळ’ची. दुधाळ, रसाळ, केसाळ, खडकाळ, डोंगराळ. हा पदार्थाच्या किंवा वस्तूच्या नामाला लागतो आणि ‘ते ज्यात पुष्कळ आहे’ असे सांगतो. पाटण-जावळीचा भाग डोंगराळ, म्हैस दुधाळ. ‘दुधाळू म्हैस’ होत नाही, कारण दूध हा स्वभाव नाही. आणि ‘दुधी’ म्हणाल तर ‘ई’ने वेगळेच नाते जोडले : दुधाच्या रंगाचे. दुधी काच, दुधी रंग. रंगासाठी प्रसिद्ध असलेल्या वस्तूला ‘ई’ लागली की रंग निघतो, गुलाबी, केशरी, राखी. आणि खाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या वस्तूला लागली तर ती वस्तू आत घातलेली असते, जसा नारळी भात. केशरी भातात मात्र केशर असायलाच हवे की नुसता रंग पुरे, हे त्या नामाच्या दोन ओळखींमुळे शब्दावरून ठरत नाही.

वस्तूचे आकारान्त नाव ईकारान्त झाले की लहानपणा येतो : डबा–डबी, सुरा–सुरी, टोपला–टोपली, गाडा–गाडी. तेच प्राण्याच्या किंवा माणसाच्या नावात केले की लिंग बदलते : घोडा–घोडी, मुलगा–मुलगी. घोडी म्हणजे लहान घोडा नव्हे, हे मुलांना सांगावे लागत नाही, पण का नव्हे हे विचारले तर उत्तर सुचत नाही. जिथे नर-मादी हा भेद खरा आहे तिथे ‘ई’ तो दाखवते. जिथे नाही तिथे ती मोकळी असते आणि आकार दाखवते. याला एक नामी अपवाद आहे. दोरा बारीक, सुईत ओवायचा. दोरी त्याच्यापेक्षा जाड, गुरे बांधायची. लहानपणाच्या नियमाने हे उलटे व्हायला हवे होते. म्हणून ‘ई = लहान’ असे सरसकट लिहू नये, ‘वस्तूच्या आकारान्त नामाचे ईकारान्त रूप बहुधा लहान’ असे लिहावे आणि ‘बहुधा’ खाली दोरी हे उदाहरण द्यावे.

गावकर, गावकरी, गावकी हा तुमचा दुसरा प्रश्न याच पद्धतीने सुटतो, फक्त तिथे नाम एकच आहे आणि प्रत्यय बदलतात. आधी ‘करी’ कडे पाहा. मुले ‘शेतकर + ई’ असे कापतात. मधला ‘शेतकर’ शब्द वापरात नाही, म्हणून तो काप चूक. ‘शेत + करी’ हाच बरोबर. प्रत्ययावर प्रत्यय चढला आहे का हे नेहमी असेच तपासावे. बाहेरून एक थर काढायचा आणि आतला शब्द जिवंत आहे का ते पाहायचे. दुकानदारीतून ‘ई’ काढली तर दुकानदार उरतो, तो जिवंत; पुढे दुकान. म्हणजे दोन थर. कारागिरी आणि गुलामगिरी दिसायला सारखे, पण कारागिरीतून ‘ई’ काढली तर कारागीर उरतो, म्हणून कारागीर + ई. गुलामगिरीतून ‘गुलामगिर’ उरतो, तो शब्द नाही, म्हणून गुलाम + गिरी. ही जोडी फळ्यावर लिहून दिली तर वर्ग स्वतःच काप शोधतो.

‘कर’ आणि ‘करी’ यांतला फरक असा की ‘कर’ प्रामुख्याने विशेषनामाला लागतो आणि ‘करी’ सामान्यनामाला. कराड, मिरज, फलटण ही विशेषनामे, म्हणून कराडकर, मिरजकर, फलटणकर. शेत, टाळ, माळ, मान, पहारा ही सामान्यनामे, म्हणून शेतकरी, टाळकरी, माळकरी, मानकरी, पहारेकरी. ‘करी’ म्हणजे करणारा असे तक्त्यात असते, आणि इथेही नामच खरा अर्थ ठरवते. शेतकरी शेत कसतो, टाळकरी टाळ वाजवतो, माळकरी माळ घालतो, मानकरी मान मिळवतो, पहारेकरी पहारा देतो. पाच शब्दांत पाच क्रियापदे आहेत आणि ‘करणे’ त्यांत एकही नाही. मुलांना ‘करी’चा अर्थ विचारू नका, त्या नामाबरोबर मराठीत कोणते क्रियापद येते ते विचारा. उत्तर त्यातच मिळते. वारकरी हा शब्द कापताना वारी यातली शेवटची ई गळाली आहे हे दाखवावे. तो ‘वार + करी’ नाही.

गाव हे सामान्यनाम, म्हणून गावकरी : गावात राहणारा, गावाचा घटक. गावकर हा शब्द आपल्या घाटावरच्या बोलीत सामान्यनाम म्हणून चालत नाही. तो कोकण-गोव्याकडचा, गावच्या मुख्य किंवा मानाच्या माणसासाठीचा, आणि आपल्याकडे भेटतो तो आडनाव म्हणून. ‘कर’ सामान्यनामाला लागलेले हे थोड्या शब्दांपैकी एक, म्हणून तक्त्यात तो ‘कर’चे पहिले उदाहरण म्हणून देऊ नये, सांगलीकर द्यावे. गावकी मात्र माणूसच नव्हे. गावाने मिळून चालवायच्या गोष्टी, यात्रा, पालखीचा मान, वर्गणी, तंटे, त्यासाठी बसणारे गाव, या सगळ्याला मिळून गावकी म्हणतात. ‘गावकीचा निर्णय’, ‘गावकीत पडू नको’. समूह सांगणारी ‘की’ भावकीतही आहे. भावकी म्हणजे एका कुळातली सगळी घरे. तिथे भाऊ चा ‘भाव’ झाला आहे, ‘भाऊकी’ लिहू नये. भाऊबंदकी वेगळी : भाऊबंद या जोडशब्दाला ‘की’ लागली आणि अर्थ वाटणीवरून होणाऱ्या भांडणाकडे गेला. लग्नाला भावकी जमते, बांधावरून भाऊबंदकी होते.

याच नामाचे आणखी दोन शब्द घ्या म्हणजे प्रत्यय नुसते नाते सांगत नाही, बोलणाऱ्याची नजरही सांगतो हे कळेल. गावठी म्हणजे गावचे, बाहेरून न आणलेले. गावठी कोंबडी म्हटले की भाव चढतो, आणि गावठी दारू म्हटले की धोका कळतो. चांगले की वाईट हे पुढच्या नामावर. गावंढळ म्हटले की मात्र हिणवणेच. कोणत्याही नामापुढे ठेवा, त्यातला तुच्छभाव जात नाही. गावंढळपणा असा आणखी एक थर चढवला तरी तो तसाच राहतो. तेलकट, मळकट, धुरकट यांतल्या ‘कट’मध्येही असाच नकोसेपणा आहे. तेलाने माखलेल्या भांड्याला तेलकट म्हणतो, देवापुढच्या समईला म्हणत नाही.

गावठाण हा शब्द या यादीत मुले हमखास घालतात. ‘ठाण’ हा प्रत्यय नाही, ते ‘स्थान’ आहे, स्वतःचा अर्थ असलेला शब्द. म्हणून गावठाण हा समास. ऊसतोड, बैलगाडी यांचीही जागा समासातच. काप केल्यावर दोन्ही तुकडे एकटे उभे राहत असतील तर समास, आणि शेवटचा तुकडा एकटा उभा राहत नसेल तर तद्धित, इतका साधा पडताळा परीक्षेपुरता चालतो. त्याची मर्यादा ‘दार’ या प्रत्ययावर दिसते. वतनदार, दुकानदार यांतला ‘दार’ फारसीतून आलेला, बाळगणारा या अर्थाचा प्रत्यय आहे, पण मराठीत दार म्हणजे दरवाजा हाही शब्द एकटा उभा राहतो. तुकडा एकटा उभा राहिला तरी त्याचा अर्थ जोडशब्दात जुळतो का, हे विचारल्याशिवाय समास म्हणू नये. दुकानदार म्हणजे दुकानाचा दरवाजा नव्हे, इतके मुलाने सांगितले की तो प्रत्यय ओळखायला शिकला.